जाताना चाळीस, येताना साठ. मग सरासरी पन्नास का नाही?

शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या वह्यांत, आणि पुढे पोलीस भरती, बँक, रेल्वे यांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांच्या सराव पुस्तकांत एक उदाहरण हमखास सापडते. आकडे बदलतात, गावे बदलतात, पण सांगाडा तोच असतो. एक गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला ताशी ४० किमी वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किमी वेगाने परत येते. तर संपूर्ण प्रवासात गाडीचा सरासरी वेग किती? खाली चार पर्याय असतात: ४५, ४८, ५० आणि ५२.

वर्गातील निम्म्याहून अधिक हात पन्नाससाठी वर जातात. घरी मोठ्या माणसांना विचारून पाहा, तेही बहुधा पन्नासच म्हणतील. चाळीस आणि साठ यांची बेरीज शंभर, तिला दोनने भागले की पन्नास. हिशेबात चूक काहीच नाही. तरी उत्तरसूचीत ४८ छापलेले असते आणि मुलगा म्हणतो, "सर, पुस्तकात चुकीचे छापले आहे."

पुस्तकात चुकीचे छापलेले नाही. पर्यायांत पन्नास हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असते की घाईत असलेला उमेदवार तिथेच बोट ठेवणार. ज्या परीक्षेत एका गुणाने यादीतील नाव वर-खाली होते, तिथे हा सापळा महागात पडतो. पण आमच्या मते परीक्षेपेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. हाच चुकीचा हिशेब डोक्यात ठेवून माणसे रस्त्यावर गाडी चालवतात. त्याकडे आपण शेवटी येऊ. आधी हे अठ्ठेचाळीस येतात कुठून, ते पाहू.

गाडी रस्त्यावर किती वेळ होती?

उदाहरणाला खरा रस्ता देऊ. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि मलकापूरमार्गे कोल्हापूरला पोहोचायचे. प्रत्यक्ष अंतर थोडे जास्त आहे, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण ते १२० किमी धरू. जाताना पाऊस होता, घाटात मालाचे ट्रक पुढे होते, म्हणून सरासरी ताशी ४० किमी वेग पडला. येताना रस्ता मोकळा मिळाला आणि वेग ताशी ६० किमी पडला.

जाताना १२० किमीला ताशी ४० च्या वेगाने ३ तास लागले. येताना १२० किमीला ताशी ६० च्या वेगाने २ तास लागले. म्हणजे एकूण अंतर २४० किमी आणि एकूण वेळ ५ तास. आता २४० ला ५ ने भागा. उत्तर येते ४८.

सरासरी वेगाची व्याख्या एवढीच आहे: एकूण अंतर भागिले एकूण वेळ. दुसरी कोणतीही व्याख्या नाही. "दोन वेगांची बेरीज भागिले दोन" हे कोणत्याही पुस्तकात सरासरी वेगाची व्याख्या म्हणून दिलेले नसते, ते आपण मनाने जोडतो.

इथे भाषेचीही एक गंमत आहे. उर्दू माध्यमातील मुले सरासरीला "औसत" म्हणतात. हा शब्द अरबीतील "वसत" म्हणजे मध्य या शब्दाच्या कुळातला. त्यामुळे औसत म्हटले की मन आपोआप मधोमध जाते, आणि चाळीस व साठच्या मधोमध तर पन्नासच आहे. मराठीतला "सरासरी" हा शब्द मात्र फारसीतून आला आहे. उर्दूत "सरासर" म्हणजे पुरते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या उदाहरणापुरता हा अर्थ अधिक कामाचा आहे. सरासरी वेग काढायचा तर प्रवास सरासर पाहायचा: घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत एकूण किती अंतर कापले आणि एकूण किती वेळ गेला.

पन्नास का फसते?

व्याख्या पाठ केली की गुण मिळतात, पण मन मानत नाही. हुशार मुलगी उठून विचारतेच, "सर, जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता सारखाच आहे. मग दोन्ही वेगांना सारखे महत्त्व का नाही?" प्रश्न अगदी योग्य आहे आणि उत्तरही त्यातच दडलेले आहे.

रस्ता सारखा आहे, वेळ सारखा नाही. आणि वेग मोजतो आपण तासावर. "ताशी ४० किमी" म्हणजे एका तासात ४० किमी. म्हणून सरासरी काढताना तासच मोजावे लागतात. आपल्या पाच तासांच्या प्रवासातील प्रत्येक तासात किती किमी झाले ते ओळीने लिहू: पहिल्या तासात ४०, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ४०, चौथ्यात ६०, पाचव्यात ६०. या पाच आकड्यांची बेरीज २४०, भागिले ५, बरोबर ४८. ही तर तिसरीच्या मुलालाही येणारी साधी सरासरी आहे. फरक इतकाच की चाळीस हा आकडा तीनदा आला आणि साठ दोनदाच आला.

हळू चालणारी गाडी तेवढेच अंतर कापायला जास्त वेळ घेते, म्हणून हळू वेगाचा वाटा आपोआप मोठा होतो आणि सरासरीला स्वतःकडे ओढतो. जलद वेग लवकर संपतो, म्हणून त्याचा वाटा लहान राहतो. पन्नास हे उत्तर काढताना आपण नकळत दोन्ही वेगांना सारखे तास दिले, आणि तिथेच हिशेब घसरला.

शिक्षकांना हे निकालपत्रकावरून पटकन पटते. एका तुकडीत ३० मुले आहेत आणि त्यांची सरासरी ४० गुण आहे. दुसऱ्या तुकडीत २० मुले आहेत आणि त्यांची सरासरी ६० गुण आहे. दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी ५० लिहिली तर मुख्याध्यापक पत्रक परत करतील. एकूण गुण १२०० अधिक १२००, म्हणजे २४००, एकूण मुले ५०, सरासरी ४८. तुकडीत मुले मोजली जातात, प्रवासात तास मोजले जातात. बाकी हिशेब एकच.

मग पन्नास कधी बरोबर?

साधी सरासरी नेहमीच चुकते असे नाही. प्रश्न असा असता की गाडी २ तास ताशी ४० ने आणि पुढचे २ तास ताशी ६० ने धावली, तर ८० अधिक १२०, म्हणजे २०० किमी अंतर ४ तासांत झाले असते आणि उत्तर ५० हेच आले असते. इथे वेळ सारखा आहे.

म्हणून उदाहरण वाचताना पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: यात सारखे काय आहे, वेळ की अंतर? वेळ सारखा असेल तर साधी सरासरी चालते. अंतर सारखे असेल तर चालत नाही. "जाऊन येणे", "त्याच रस्त्याने परतणे", "अर्धे अंतर" असे शब्द दिसले की अंतर सारखे आहे. "अर्धा वेळ", "पहिले दोन तास" असे शब्द दिसले की वेळ सारखा आहे. "अर्धे अंतर" आणि "अर्धा वेळ" यांत फरक एका शब्दाचा, पण उत्तर पूर्ण वेगळे.

हाच भेद घरातल्या बाजारहाटातही दिसतो. समजा, अम्मीने या आठवड्यात १२० रुपयांचे टोमॅटो ४० रुपये किलोने घेतले आणि पुढच्या आठवड्यात १२० रुपयांचे टोमॅटो ६० रुपये किलोने घेतले. पहिल्यांदा ३ किलो आले, दुसऱ्यांदा २ किलो. २४० रुपयांत ५ किलो, म्हणजे सरासरी भाव ४८ रुपये किलो पडला. पण तिने दोन्ही आठवड्यांत एकेक किलोच घेतला असता तर १०० रुपयांत २ किलो, म्हणजे ५० रुपये किलो पडला असता. भाव तेच, बाजार तोच. एकदा रुपये सारखे होते, एकदा किलो सारखे होते. ज्या मुलाला तास आणि किमी यांचा गोंधळ होतो, त्याला पिशवी घेऊन बाजारात पाठवा. घरी येऊन हिशेब मांडताना हा भेद त्याला आपोआप समजेल.

सूत्र कुठून आले?

सराव पुस्तकांत यासाठी एक सूत्र दिलेले असते. जाण्याचा वेग अ आणि येण्याचा वेग ब असेल तर सरासरी वेग = २ × अ × ब ÷ (अ + ब). आपले आकडे घातले तर २ × ४० × ६० म्हणजे ४८००, भागिले १००, उत्तर ४८.

सूत्र पाठ करण्याआधी ते कसे बनले हे पाहिले तर ते विसरत नाही. वेग उलटा करून पाहू. ताशी ४० किमी म्हणजे एका किमीला दीड मिनिट. ताशी ६० किमी म्हणजे एका किमीला एक मिनिट. जाताना आणि येताना किमी सारखेच आहेत, म्हणून "एका किमीला लागणारी मिनिटे" या आकड्यांची साधी सरासरी काढायला काहीच हरकत नाही. दीड आणि एक यांची सरासरी सव्वा. म्हणजे सगळ्या प्रवासात एका किमीला सव्वा मिनिट लागले. साठ मिनिटांना सव्वाने भागले की ४८.

म्हणजे सूत्राचे काम एवढेच: वेग उलटे करा, त्यांची साधी सरासरी काढा, आणि आलेले उत्तर पुन्हा उलटे करा. कॉलेजच्या पुस्तकात याला हार्मोनिक मीन म्हणतात.

इथे मुलांना आणखी एक गोष्ट खटकते. उदाहरणात अंतर दिलेलेच नसते, मग उत्तर निघते कसे? अंतर कितीही घेतले तरी उत्तर बदलत नाही. १२० च्या जागी ६० किमी घ्या. जाताना दीड तास, येताना एक तास, एकूण १२० किमी अडीच तासांत, पुन्हा ४८. अंतर दुप्पट झाले की वेळही दुप्पट होतो आणि भागाकार तसाच राहतो. म्हणून परीक्षेत सूत्र आठवले नाही तर घाबरायचे कारण नाही. दोन्ही वेगांनी निःशेष भाग जाईल असे अंतर स्वतःच धरा आणि तास मोजा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

सूत्र कुठे चालत नाही?

हे सूत्र फक्त दोन टप्प्यांचे आणि फक्त सारख्या अंतराचे आहे. रस्त्याचे तीन सारखे भाग २०, ३० आणि ६० या वेगांनी कापले असतील तर मुले आधी दोघांचे सूत्र लावतात आणि मग आलेले उत्तर व तिसरा वेग यांना पुन्हा तेच सूत्र लावतात. ते चुकते, कारण आता पहिला तुकडा दोन भागांचा आणि दुसरा एका भागाचा झाला आहे. अंतर सारखे राहिलेच नाही. सरळ मार्ग घ्या. प्रत्येक भाग ६० किमी धरा. वेळ अनुक्रमे ३, २ आणि १ तास. १८० किमी, ६ तास, उत्तर ३०.

दुसरी अडचण थांब्याची. साखरप्याला चहाला अर्धा तास थांबलो, तर तो अर्धा तास हिशेबात धरायचा का? प्रश्नात "थांब्यासह" किंवा "संपूर्ण प्रवासाचा" असे म्हटले असेल तर धरायचा. मग २४० किमीला साडेपाच तास लागले आणि सरासरी साधारण ४३.६ झाली. थांबलेल्या वेळी वेग शून्य असतो, पण घड्याळ चालूच असते.

तिसरी गोष्ट शब्दाची. नववीच्या विज्ञानात "चाल" आणि "वेग" हे दोन वेगळे शब्द आहेत. वेगाला दिशा असते आणि तो विस्थापनावरून, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांमधील सरळ अंतरावरून काढतात. जिथून निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य, म्हणून विज्ञानाच्या भाषेत सरासरी वेगही शून्य! गणिताच्या उदाहरणांत आणि रोजच्या बोलण्यात ज्याला आपण सरासरी वेग म्हणतो, त्याला विज्ञानाचे पुस्तक सरासरी चाल म्हणते. या लेखात आम्ही रोजचाच शब्द ठेवला आहे, पण विज्ञानाच्या पेपरात हा फरक लक्षात ठेवावा.

उत्तर पटण्यासारखे आहे का, हे तपासण्याची एक सोपी खूणही आहे. सारख्या अंतराच्या उदाहरणात उत्तर नेहमी दोन वेगांच्या मध्ये, पण हळू वेगाच्या जवळ पडते. आणि ते हळू वेगाच्या दुपटीला कधीच पोहोचत नाही. ही शेवटची गोष्ट थोडी नवलाची वाटेल. तिच्यामुळे आइन्स्टाईनसुद्धा क्षणभर थबकले होते.

जुनी मोटार आणि आइन्स्टाईन

१९३४ साली मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने आल्बर्ट आइन्स्टाईन यांना पत्रातून एक कोडे पाठवले. दोघेही तेव्हा जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले होते. माणूस विचार कसा करतो आणि फसतो कुठे, हा वर्थायमर यांच्या अभ्यासाचा विषय होता. कोडे असे होते. एका जुन्या मोटारीला दोन मैलांचा रस्ता पार करायचा आहे. एक मैल टेकडी चढायची आणि एक मैल उतरायची. मोटार जुनी असल्यामुळे चढताना तिचा वेग सरासरी ताशी १५ मैलच पडतो. संपूर्ण दोन मैलांचा सरासरी वेग ताशी ३० मैल व्हावा, तर उतरताना तिने किती वेगाने जावे?

मन लगेच म्हणते ४५, कारण १५ आणि ४५ यांच्या मधोमध ३० आहे. पण घड्याळ पाहा. दोन मैल ताशी ३० च्या सरासरीने जायचे तर एकूण ४ मिनिटे हातात आहेत. आणि पहिला एक मैल ताशी १५ ने चढायला लागतात ४ मिनिटे. माथ्यावर पोहोचेपर्यंत सगळा वेळ संपला. आता मोटार कितीही वेगाने उतरली तरी सरासरी ३० होणे शक्य नाही. आइन्स्टाईन यांनी उत्तरात मोकळेपणाने कळवले की उतरण्यासाठी वेळच उरलेला नाही, हे आकडेमोड करेपर्यंत त्यांच्या लक्षात आले नव्हते.

अर्धे अंतर ठरवलेल्या सरासरीच्या निम्म्या वेगाने कापले की ठरवलेला सगळा वेळ तिथेच खर्च होतो. म्हणूनच आपण वर म्हटले की सरासरी हळू वेगाच्या दुपटीला पोहोचत नाही.

घाटाच्या पायथ्याशी हाच हिशेब

आता कागदावरून पुन्हा रस्त्यावर येऊ. कोल्हापूरला सकाळी ११ वाजता निकाह आहे. रत्नागिरीहून ८ वाजता निघालो, अंतर १२० किमी, हातात ३ तास. म्हणजे ताशी ४० ची सरासरी हवी. पहिले ६० किमी, साधारण साखरप्यापर्यंत, रस्त्याच्या कामामुळे गाडी हळू चालली. मागे बसलेले चाचा चालकाला म्हणतात, "बेटा, आता जरा दाब, वेळ भरून काढू."

किती दाबावे लागेल? पहिला अर्धा रस्ता ताशी ३० ने झाला असेल तर २ तास गेले आणि १ तास उरला. उरलेले ६० किमी ताशी ६० च्या सरासरीने जावे लागतील. साधा हिशेब मात्र सांगतो की ५० पुरेत, कारण ३० आणि ५० ची सरासरी ४०. पहिला अर्धा रस्ता ताशी २५ ने झाला असेल तर २ तास २४ मिनिटे गेली. उरली ३६ मिनिटे. आता ताशी १०० ची सरासरी हवी. साधा हिशेब म्हणतो ५५ पुरेत. ताशी २४ ने झाला असेल तर अर्धा तासच उरला, आणि सरासरी हवी १२०. आणि ताशी २० ने झाला असेल तर साखरप्यालाच ११ वाजले. साधा हिशेब अजूनही म्हणतो की ६० ने गेलो तर जमेल.

साखरप्यापुढे आंबा घाट आहे. तिथे वळणांवर ताशी १०० ची सरासरी कोणालाही पडणार नाही, आणि पाडायचा प्रयत्न केला तर काय होईल ते सांगायला नको. धोका नेमका इथे आहे. साधी सरासरी माणसाला सांगते, थोडा वेग वाढव, वेळेत पोहोचशील. तो थोडा वाढवतो, तरी घड्याळ पुढेच दिसते, म्हणून आणखी वाढवतो. हळू रस्त्यावर गेलेला वेळ जलद रस्त्यावर परत मिळत नाही, हे ज्याने एकदा तास मांडून पाहिले आहे, तो साखरप्यालाच फोन करून सांगेल, "आम्हाला उशीर होतोय, तुम्ही सुरू करा."

हेच उलट बाजूने पाहू. ६० किमी अंतरात ताशी २० चा वेग ३० झाला तर ३ तासांचे २ तास होतात, पुरा एक तास वाचतो. पण ताशी ८० चा वेग ९० झाला तर ४५ मिनिटांची ४० होतात, वाचतात फक्त ५ मिनिटे. दोन्ही वेळा वेग १० नेच वाढला. म्हणजे वेळ वाचवायचा असेल तर जिथे गाडी रखडते तिथे वाचवावा: गर्दीच्या आधी निघावे, पर्यायी रस्ता घ्यावा, वाटेतले थांबे कमी करावेत. मोकळ्या रस्त्यावर जीव मुठीत धरून मिळवलेली पाच मिनिटे पुढच्या टोल नाक्याच्या रांगेत निघून जातात.

घरी सोडवून पाहा

मुलांसोबत बसून ही चार उदाहरणे सोडवा. सूत्र नको, आधी तास मांडा.

१. अमीना शाळेत सायकलने ताशी १२ किमी वेगाने जाते. परतताना सायकल पंक्चर झाली म्हणून ती ताशी ४ किमी वेगाने चालत येते. सरासरी वेग किती?

२. एक जीप २ तास ताशी ३० किमी वेगाने आणि पुढचे २ तास ताशी ५० किमी वेगाने धावली. सरासरी वेग किती?

३. जाताना ताशी ३० किमी वेग पडला. संपूर्ण फेरीची सरासरी ताशी ४० हवी. येताना वेग किती हवा?

४. जाताना ताशी २५ किमी वेग पडला. संपूर्ण फेरीची सरासरी ताशी ५० हवी. येताना वेग किती हवा?

उत्तरे: पहिल्याचे उत्तर ६. अंतर १२ किमी धरा. १ तास आणि ३ तास मिळून ४ तास, २४ किमी. दुसऱ्याचे ४०, कारण इथे वेळ सारखा आहे आणि साधी सरासरी चालते. तिसऱ्याचे ६०, पन्नास नव्हे. अंतर ६० किमी धरा. १२० किमीला ३ तास हवेत, त्यांतले २ जाताना गेले, १ उरला. चौथ्याचे उत्तर आकड्यात नाही. अंतर ५० किमी धरा. १०० किमीला २ तास हवेत आणि ते दोन्ही जातानाच संपले. ज्या मुलाने चौथ्या उदाहरणात ७५ लिहिले असेल, त्याला रागावू नका. त्याच्या हातात घड्याळ द्या आणि विचारा, "बेटा, परत निघताना किती वाजले होते?"